पहिल्या भागाला अनुक्रमणिका नको

अनुक्रमणिका म्हटलं की अजूनही माझ्या कपाळावर आठी चढते. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेशी माझं भांडण नाही. माझा राग आहे तो कॉम्प्युटरवरच्या अनुक्रमणिकेवर, जिच्यातल्या ओळीवर टिचकी मारली की मधलं सगळं ओलांडून थेट पाहिजे तिथे उतरता येतं. तसली एक मी स्वतःच्या हाताने केली. कुठे ती हवी आणि कुठे नको, हे सांगून सांगून माझा घसा बसला, पण ऐकतो कोण!

सुरुवात मात्र कॉम्प्युटरच्या पुष्कळ आधीची. ऐंशीच्या दशकात मी डहाणूला एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. संस्थेचं काम गावपाड्यांवरच्या पहिलीच्या वर्गांचं. मुलं घरी वारली बोलत आणि शाळेत पुस्तकातलं मराठी त्यांच्या अंगावर येई. गुरुजी काय म्हणतात तेच कळायचं नाही, मग दिवाळीपर्यंत निम्मा वर्ग गुरं राखायला किंवा आईबरोबर वीटभट्टीवर. आमच्याकडे एक बाई होत्या, स्वतः वर्षानुवर्षं पहिली शिकवलेल्या. त्यांनी शिक्षकांसाठी एक मोठी मार्गदर्शिका लिहिली आणि तिच्या स्टेन्सिली मी कापल्या. सायक्लोस्टाइलची शाई नखांत इतकी बसायची की सासूबाई मला पोळ्या लाटायला घेत नसत.

त्या मार्गदर्शिकेला अनुक्रमणिकाच नव्हती. मी बाईंना म्हटलं, "बाई, एवढं जाडजूड बाड, पुढे यादी नको का?"

"मुद्दाम नाही घातली," बाई म्हणाल्या. "यादी दिली की गुरुजी पहिल्यांदा काय उघडतील, सांग बरं? अक्षरं. अगं, अक्षरं सातव्या आठवड्यात येतात. आधीचे सहा आठवडे नाही झाले तर सातव्याला काही अर्थच नाही."

आणि खरंच तसं होतं. पहिल्या आठवड्यात शिकवायचं काहीच नाही. मुलांनी आपल्या भाषेत बोलायचं आणि गुरुजींनी ऐकायचं. मग अंगणातल्या वस्तू, मग गाणी, मग मुलांनी सांगितलेल्या गोष्टी. त्यातून वर्गाचे शब्द जमायचे आणि सातव्या आठवड्यात त्याच शब्दांतून अक्षरं काढायची. एकावर एक रचलेलं होतं सगळं. त्या वेळी बोर्डीला शिबिर व्हायचं. पन्नासेक शिक्षक समुद्राकाठच्या शाळेत राहायचे आणि बाई पहिल्या पानापासून मोठ्याने वाचून घ्यायच्या. यादीवाचून कोणाचं काही अडलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शिबिराचे पैसे आटले. त्याच सुमाराला मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने वापरलेले तीन कॉम्प्युटर संस्थेला दिले. आमचे कार्यवाह बोर्डीकडचे चिकूवाले, घरी गुजराती बोलणारे, मनाने उदार आणि डोक्याने उतावळे. त्यांनी ठरवलं, शिबिर बंद झालं तर झालं, मार्गदर्शिका कॉम्प्युटरवर चढवायची. एक मशीन कचेरीत, एक तलासरीच्या शाळेत, एक कैनाडला. वर्षभर दोन शाळांत चालवून पाहायचं. पहिलीची मुलं टिकली तर मार्गदर्शिका पुढे दहा शाळांना, नाहीतर गुंडाळायची. बाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. त्यांचं आयुष्यभराचं काम त्या दोन वर्गांवर येऊन ठेपलं होतं आणि हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं.

चढवायची म्हणजे अर्थात मी चढवायची. स्टेशनजवळच्या क्लासमध्ये मी वेबपेज करायला शिकले. तेव्हा क्लासमधली सगळी मुलं मला 'आंटी' म्हणायची. मराठी फॉन्ट प्रत्येक मशीनवर वेगळा घालावा लागे, नाहीतर पडद्यावर नुसती चिन्हांची भेळ. सगळं टाइप करून एका लांबलचक फाइलीत बसवलं, चित्रं मुंबईहून स्कॅन करून आणवली. ब्राउझरमध्ये उघडलं तर पान खाली सरकवता सरकवता बोट दुखायला लागलं.

बाईंच्या लिखाणाचे भाग होते दोन. पहिला सहा आठवड्यांचा आणि पुढे अक्षरांचा, क्रमाने करायचा. दुसरा निराळाच: मुलाला खरूज झाली तर काय, ताप आला तर काय, मातीचे मणी कसे करायचे, सहल कुठे न्यायची, गैरहजर मुलाच्या घरी जाऊन काय बोलायचं. हा भाग कोणी पहिल्यापासून वाचणार नाही. ज्या दिवशी खरूज दिसेल त्या दिवशी खरूज उघडायची. तलासरीच्या शिक्षिका मशीन बघायला आल्या तेव्हा मी त्यांना खरूज शोधायला सांगितलं. त्या आपल्या सरकवताहेत, सरकवताहेत, मणी गेले, सहल गेली, खरूज निसटून वर गेली ती त्यांना कळलीच नाही.

तेव्हा मीच बाईंना म्हटलं, "दुसऱ्या भागाला यादी हवीच."

बाई म्हणाल्या, "दुसऱ्याला घाल. पहिल्याला नको."

करणं अवघड नव्हतं. प्रत्येक मथळ्यापाशी एक खूण रोवायची आणि तिला नाव द्यायचं. पडद्यावर ती दिसत नाही. वरच्या यादीत त्याच नावाची लिंक द्यायची, नावाच्या आधी हॅशचं चिन्ह. नावं इंग्रजी अक्षरांत, कारण आमच्या फॉन्टचा काही भरवसा नव्हता. यादीत आणि खुणेत नाव सारखंच पाहिजे आणि एकच नाव दोन खुणांना चालत नाही. मी यादीतली 'मणी'ची ओळ उचलून 'सहल'पाशी चिकटवली, नाव बदलायचं राहिलं आणि सहलीवर टिचकी मारली की आम्ही मण्यांत. ते सुधारलं. प्रत्येक विषयाखाली 'यादीकडे' अशी परतीची लिंक दिली. मग 'खरूज'वर टिचकी मारली आणि पान झपकन तिथे. बाई लहान मुलीसारख्या हसल्या. खरं सांगते, मलाही फार आनंद झाला.

तो आनंद टिकला कार्यवाह कचेरीत येईपर्यंत.

"अरे वा वा, बेन! हे तर फर्स्टक्लास!" त्यांनी सगळ्या लिंका दाबून बघितल्या. "मग वरच्या भागाला का नाही?"

मी सांगितलं. बाईंनी सांगितलं. हा शोधून बघण्याचा भाग, तो ओळीने करण्याचा. शोधणाऱ्याला यादी लागते. ओळीने जाणाऱ्याला ती फक्त वाट चुकवायला शिकवते.

"बाई, हॉटेलात मेनूकार्ड नसेल तर माणूस ऑर्डर काय देणार?"

"डॉक्टरकडे मेनूकार्ड असतं का?" बाई म्हणाल्या.

कार्यवाहांना तो विनोद वाटला. पुढच्या सभेत सगळ्या समितीने मान डोलावली. लिंका जितक्या जास्त तितकी मार्गदर्शिका आधुनिक! प्रत्येक आठवडा, आठवड्यातला प्रत्येक दिवस, दिवसातला प्रत्येक खेळ, सगळ्याला लिंक. मी हात टेकले. यादीच चार पडदे लांब झाली. जी गोष्ट सरकवायला लागू नये म्हणून केली, तीच सरकवत बसायची पाळी. एका सभासदाने सुचवलं की यादीचीही एक छोटी यादी करावी.

शिवाय तक्रारी. त्या म्हाताऱ्या मशीनवर लिंक दाबली की पान बरोबर जागी पोचायचं आणि मग वरची चित्रं एकेक करून उघडली की सगळा मजकूर खाली ढकलला जायचा. हवा होता तो मथळा नजरेसमोरून पसार. ती चूक माझीच. चित्रांची लांबी-रुंदी लिहून दिली, म्हणजे ब्राउझर त्यांची जागा आधीच राखून ठेवतो, आणि ते थांबलं. पण शेवटच्या लिंकेने मला रडवलं. शेवटचा विषय तीन ओळींचा. त्याच्याखाली पानच संपतं, मग मथळा पडद्याच्या वरच्या टोकाला येणार कसा? तो खालीच राहायचा. कार्यवाह म्हणायचे, "बेन, लास्टवाली लिंक खराब आहे." पान आणखी सरकूच शकत नाही, हे मी कागद सरकवून दाखवलं. "ते सगळं ठीक, पण खराब आहे." शेवटी मी फाइलीच्या तळाशी मूठभर रिकाम्या ओळी घातल्या. मथळा वर आला. कार्यवाह खूश. तेव्हापासून ते कुठलीही नवी फाइल आली की तेवढी शेवटची लिंक दाबायचे आणि ओके म्हणायचे.

जूनमध्ये दोन्ही शाळांत मशीन बसवली. बसवताना मी एक केलं. एकदा उघडलेल्या लिंकेचा रंग निळ्याचा जांभळा होतो आणि थोड्या दिवसांनी ब्राउझर ते विसरतो. मी ते दिवस वाढवून ठेवले, म्हणजे शिक्षकांना आपण कुठवर आलो ते लक्षात राहील. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

श्रावणात बाई आणि मी कैनाडला गेलो. पहिलीचा वर्ग बघूनच बाईंचा चेहरा उतरला. पट भरलेला होता, वर्ग नव्हता. जी मुलं होती ती भिंतीला टेकून बसलेली, गप्प. फळ्यावर 'कमळ' लिहिलेलं. गुरुजी तरुण, नीटनेटके, आम्हाला बघून धावपळ करत खुर्च्या आणणारे.

"कमळ हा शब्द मुलांनी दिला?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई, मीच घेतला," गुरुजी म्हणाले. "मार्गदर्शिकेत होतं ना, 'त्या शब्दांतला पहिला शब्द फळ्यावर लिहा.' कुठले शब्द ते काही दिलं नव्हतं. मग मी पुस्तकातला घेतला."

कुठले शब्द! मुलांनी सहा आठवड्यांत दिलेले शब्द. ते वाक्य आपल्या जागी अगदी सरळ होतं, कारण आधीच्या पानांवर ते शब्द जमवलेले असायचे. गुरुजी यादीतून थेट अक्षरांवर उतरले होते आणि मागे काही आहे याची त्यांना गंधवार्ता नव्हती.

मी कॉम्प्युटर चालू केला. यादी उघडली. पहिला आठवडा निळा. दुसरा निळा. सहावा आठवडा संपेपर्यंत दोन पडदे निळेच्या निळे, एका लिंकेवर बोट लागलेलं नव्हतं. मग 'अक्षरं' जांभळी. 'वाचन-चाचणी' जांभळी. दुसऱ्या भागातला 'तपासणीच्या वेळी' जांभळा. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी माउस आपटला.

"तपासणीला साहेब येतात आणि विचारतात, अक्षरं कुठपर्यंत आली?" गुरुजी अडखळत म्हणाले. "मी काय सांगू, मॅडम? मुलांशी गप्पा मारतोय म्हणू?"

त्यांच्यावर तरी किती ओरडायचं? आपण दार करून दिलं, माणूस दारातून गेला. बाई उरलेल्या मुलांजवळ जाऊन खाली बसल्या आणि वारलीत काहीतरी बोलायला लागल्या. एक मुलगी पटकन तोंड वर करून हसली. उशिराच हसली म्हणायची.

पुढच्या आठवड्यात आम्ही तलासरीला गेलो ते मन घट्ट करूनच. कैनाडला हे, तर तलासरीला काय वेगळं असणार? पण वर्गाच्या बाहेरूनच कलकलाट ऐकू आला. पहिली भरलेली. मुलं शिक्षिकेला काहीतरी सांगण्यासाठी एकमेकांना ढकलत होती, फळ्यावर त्यांचेच शब्द आणि त्या शब्दांखाली रेघ मारलेली अक्षरं.

"ताई, तुम्ही पहिल्यापासून केलंत?" मी विचारलं. माझा विश्वास बसत नव्हता.

"मग काय करणार?" त्या जरा रागानेच म्हणाल्या. "तुमच्या त्या मशीनला लाइट लागते. लाइट असते कधी इथे? एका दिवशी आली तेवढ्यात मी सगळं मशीनबरोबर आलेल्या प्रिंटरवर काढून घेतलं, सबंध दुपार तो करकरत होता. आणि ती चार पानांची यादी कशाला दिली हो? कागदावर टिचकी मारू का मी? पानाचा नंबर नाही, काही नाही, नुसत्या ओळींखाली रेघा. फाडली आणि पोरांना पाठीमागच्या बाजूला चित्रं काढायला दिली."

"मग?"

"मग काय, पहिल्या पानापासून वाचायला लागले."

बाई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंना वाटलं, आपलं काही चुकलं. त्या घाईघाईने म्हणाल्या, "सगळी नाही हं फाडली. आजार न् मणी न् सहल, त्याची पानं ठेवलीत. त्याला मी हाताने नंबर घातले. खरूज निघाली की काय बाड चाळत बसू?"

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. समितीत बसून मी आणि बाईंनी जे जीव तोडून सांगितलं, ते लाइट गेल्यामुळे आपोआप झालं होतं. यादीतला हवा तो भाग उरला होता आणि नको तो मुलांच्या चित्रांखाली गेला होता.

मी हे सगळं सभेत सांगितलं. कैनाडचं सांगितलं, तलासरीचं सांगितलं. त्या चित्रांतलं एक मागून आणलं होतं, तेही दाखवलं. पुढे कोंबडा, मागे आमची यादी. समितीने कोंबड्याचं कौतुक केलं. कार्यवाहांनी चष्मा काढून शांतपणे निर्णय दिला.

"बेन, पॉइंट बरोबर आहे. यादीला पानाचे नंबर पाहिजेत. सगळ्या यादीला घालून टाका."

वर्षअखेर तलासरीच्या वर्गामुळे मार्गदर्शिका पास झाली. दहा शाळांना द्यायचं ठरलं. अहवालात कार्यवाहांनी स्वतः लिहिलं की सविस्तर अनुक्रमणिकेमुळे शिक्षकांची फार सोय झाली. तो अहवाल टाइप मीच केला. टाइप करताना माझे दात करकर वाजत होते, हे शेजारच्या टेबलावरच्यांनाही ऐकू गेलं असेल.

मग मी फ्लॉप्या करायला घेतल्या, तेव्हा कोणालाही न विचारता पहिल्या भागाची यादी उडवली. फाइल उघडली की सरळ पहिला आठवडा, पहिला दिवस. वर एकच बारीक ओळ ठेवली, 'आजार, साहित्य, सहल वगैरे', ती दाबली की दुसऱ्या भागाची आटोपशीर यादी. प्रत्येक आठवड्याच्या शेवटी 'पुढचा आठवडा' एवढीच लिंक. आणि सातव्यात ते वाक्य बदललं: 'मुलांनी सहा आठवड्यांत सांगितलेल्या शब्दांतला पहिला शब्द.' तळाच्या रिकाम्या ओळी मात्र आठवणीने ठेवल्या.

कार्यवाह आले. बारीक ओळ दाबली, यादी आली, शेवटची लिंक दाबली, मथळा बरोबर वर आला. "ओके," ते म्हणाले आणि चिकूच्या गाडीचं बघायला निघून गेले. पहिल्या भागाच्या दोन पडदे लिंका कुठे गेल्या, हे त्यांनी विचारलं नाही. समितीतल्या कोणीच विचारलं नाही. ज्या यादीसाठी माझं एवढं रक्त आटवलं, ती कोणी एकदाही वाचली नव्हती.

बाईंचा कचेरीतला शेवटचा आठवडा होता. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि फाइल उघडून दिली. पहिल्या दिवसाचं पहिलं वाक्य समोर आलं: 'आज काही शिकवू नका.' त्यांनी ते दोनदा वाचलं. माउसला हात लावला नाही.

"छान झालं गं," त्या म्हणाल्या. "कैनाडला काल जाऊन आले. ती हसलेली मुलगी आठवते? भट्टीवर गेली आईबरोबर. गुरुजी सांगत होते, अक्षरांपर्यंत झालंय तिचं."

फाइल मी दुरुस्त केली होती, पण ती पुढच्या मुलांसाठी. बाईंनी चष्मा पिशवीत टाकला आणि पडद्यावर पहिला दिवस तसाच उघडा ठेवून आम्ही दोघी बसस्टँडकडे निघालो.